वाचून दाखवले, उत्तर नाही

गुलमंडीवर छापखाना चालवणारे नानासाहेब माणूस पाहून काम देत. कय्युम मास्तरांना त्यांनी आजवर फार फार तर एखाद्या शाळेची स्मरणिका तपासायला दिली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी चहा मागवला, आणि मास्तरांनी ओळखलं की काम मोठं आहे आणि आपल्याला ते जमणार नाही.

"पदमपुऱ्यात एक कप्तान राहतात. बोटीवरचे. त्यांच्या इंग्रजी वह्यांचं मराठी करायचंय, पुस्तक काढायचं म्हणतात."

"मला कुठलं जमणार?" मास्तर म्हणाले. "बोटीतलं मला काय कळतं? मी हर्सूलच्या तलावात पाय घालायला भितो."

मास्तर हायस्कूलचे निवृत्त ग्रंथपाल. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा उर्दूत शिकून कामाला लागल्याला त्यांना दहा वर्षं झाली होती. पुढं दफ्तराची भाषा बदलली, आणि कपाटातली मराठी पुस्तकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत त्यांनी ती भाषा अशी कमावली की शाळेतले मराठीचे शिक्षक शब्द अडला की त्यांच्याकडं येत. तरी एक वाक्य लिहिलं की ते दोनदा खोडत. आपलं काही बरोबर असेल यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही.

"नाव तरी छान आहे बोटीचं," नानासाहेब म्हणाले. "सागरमंजिरी."

मास्तरांनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"करतो," ते म्हणाले.

आई गेल्यापासून ते नाव त्यांच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ इब्राहीम त्या बोटीवर सुखानी होता. सुकाणूचं चाक धरणारा तो सुखानी. आधी तो निजामाच्या फौजेत होता, ती मोडल्यावर मुंबईला गेला, गोदीत राबला, मग समुद्रावर गेला. एकोणसाठ साली पावसाळ्यात कंपनीचं पत्र आलं. मनाई असताना, हुकूम मोडून, पाण्याच्या टाकीत उतरला आणि गुदमरून मेला. शव समुद्रात सोडण्यात आलं. कप्तानाचं नाव खाली टंकलेलं होतं.

मास्तरांच्या आईनं, नजमुन्निसांनी, ते पत्र ज्याला त्याला वाचायला लावलं. पत्र वाचून झालं की त्या एकच विचारायच्या, "लेकिन इब्राहीमने क्या बोला? उसकू किसी ने पूछा क्या?" गल्लीत लोक म्हणायचे, पोरगा हट्टी होता, आपल्या करणीनं गेला. मरताना त्यांनी तोच प्रश्न मास्तरांना विचारला. पत्र आलं तेव्हापासून मास्तरांच्या पोटात एक निखारा होता. पुस्तकांच्या राखेखाली तो चौदा वर्षं जिवंत राहिला, आणि बाहेरून कुणाला धग लागली नाही.

*

बहात्तरचा दुष्काळ तेव्हा त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पोचला होता. खाम नदीच्या पात्रात पोरं गोट्या खेळत. नहरीचे, म्हणजे जुन्या भुयारी पाटाचे, बंब कोरडे पडले होते. नळ कधी यायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॅप्टन बद्रीनाथ पिशोरकर मूळचे कन्नडकडचे. नोकरी सुटल्यावर त्यांनी पदमपुऱ्यात घर बांधलं होतं. बुटकं, पांढरं, सपाट गच्चीचं. मागं अंगणात आड, अरुंद आणि खोल. आडावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. बाजूच्या चाळीत त्यांचे चार भाडेकरू होते. सकाळी कप्तान स्वतः कुलूप उघडत, गडी फकिरा पाणी शेंदून देई, आणि प्रत्येक घराला एक घागर मिळाली की झाकण बंद.

मास्तर पहिल्यांदा गेले तेव्हा भाडेकरू द्वारकाबाई घागर कमरेवर घेऊन भांडत होत्या.

"दोन लेकरं तापानं फणफणलीत, अजून एक कळशी द्या की!"

"सगळ्यांना सारखं," कप्तान म्हणाले.

"कप्तान, हे जहाज नाय, पदमपुरा हाय! इथून पळून जाता येतं मान्सांला!"

चाळीतून हसू फुटलं. कप्तान हसले नाहीत. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि मास्तरांकडं वळले. उंच, ताठ, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेले. चालताना मात्र पाय फाकवून टाकत, जमीन केव्हा हलेल याचा भरवसा नसल्यासारखे.

"तुम्ही मास्तर?"

"जी. शेख." औरंगाबादेत शेख सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. कप्तानांनी पुढं विचारलं नाही.

बैठकीत एक मेज, भिंतीवर पितळी वायुभारमापक, कपाटात काळ्या पाठीच्या वह्या. कप्तानांनी एक वही काढली आणि शिकवणीच्या सुरात बोलू लागले. मास्तर मान खाली घालून लिहून घेत होते.

"बोटीवर दोन लॉग, म्हणजे नोंदवह्या, असतात. एक डेकचा. दर चार तासांनी पहारा बदलतो. पहाऱ्यावरचा अधिकारी मार्ग, वेग, वारा, हवेचा दाब, लाटा, जे घडलं ते लिहितो आणि सही करतो. दुपारी बाराला मी पाहतो. दुसरा कप्तानाचा अधिकृत लॉग. त्यात जन्म, मृत्यू, गुन्हे. प्रवास संपला की तो शिपिंग ऑफिसात जमा होतो. या माझ्या नकला. दोन्ही लॉगच्या, मधेमधे माझ्या स्वतःच्या नोंदी."

"खोडलेलंही उतरवलंय आपण," मास्तर हळूच म्हणाले. काही ओळींवर एकच आडवी रेघ होती आणि शेजारी आद्याक्षरं.

"नक्कल म्हणजे नक्कल. लॉगमध्ये खोडरबर चालत नाही, चाकूनं खरवडणं चालत नाही, पान फाडणं तर नाहीच. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि सही करायची. ज्यानं पान फाडलं तो खोटा, हे न्यायाधीश न वाचता धरून चालतो."

"आणि गुन्हे?"

कप्तानांनी वही मिटली. "माणसावर आरोप लिहिला की तो त्याला वाचून दाखवायचा. स्पष्ट आणि ऐकू येईल असा. तो जे उत्तर देईल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहायचं. मग मी आणि एक साक्षीदार सही करणार. वाचून दाखवलं नाही तर कोर्टात त्या नोंदीची किंमत शून्य."

मास्तरांच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. आईचा प्रश्न त्यांच्या कानात होता. म्हणजे विचारलं जातं. म्हणजे उत्तर कुठंतरी लिहिलेलं आहे.

*

ते रोज दुपारी जाऊ लागले. शहागंजातून पदमपुऱ्यापर्यंत उन्हात चालत. बायको रईसा म्हणायची, "इत्ते धूप में कौनसा खजाना मिलता जी?" ते म्हणायचे, अनुवाद आहे. ती त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि छत्री हातात द्यायची.

प्रवास मोम्बासाहून मुंबईचा, सोडा ॲश भरून. मास्तर एकेक नोंद मराठीत आणत गेले.

'१० जून. मार्ग ईशान्य. वारा नैर्ऋत्येकडून जोराचा, लाटा मागून. बोट फार डुलते. मुख्य इंजिनिअर सांगतो, कंडेन्सरच्या नळ्या गळताहेत. वाफेचं पाणी परत येत नाही, बॉयलरला गोडं पाणी दुपटीनं लागतं. खलाशांचं पाणी निम्म्यावर आणलं. पंपाला कुलूप. किल्ली माझ्याजवळ.'

'१२ जून. खलाशांचा मुकादम, सारंग, माणसं घेऊन ब्रिजखाली, म्हणजे सुकाणूच्या मजल्याखाली, आला. मी म्हटलं, एकानं बोलावं. कुणी बोललं नाही. मी हुकूम दिला की माणसं आधी सारंगाच्या तोंडाकडं पाहतात, मग हलतात. हे आज लक्षात आलं. किती दिवस असं चालू आहे ते माहीत नाही.'

'१३ जून. काल झोपण्यापूर्वी रात्रीचे हुकूम वहीत लिहिले. प्रत्येक अधिकाऱ्यानं वाचून सही करायची असते. तिसऱ्या अधिकाऱ्याची सही नव्हती. विचारलं तर म्हणाला, वाचलं होतं.'

"सही राहिली एवढंच ना?" मास्तरांनी विचारलं.

"एवढंच?" कप्तान उठून खिडकीशी गेले. "बोटीवर कप्तान एकटा असतो, मास्तर. पलीकडं पन्नास माणसं. ती ऐकतात कारण ती ऐकत आलेली असतात. दुसरं कारण नसतं. सुकाणूवरच्याला आपण म्हणतो, स्टारबोर्ड दहा, म्हणजे उजवीकडं दहा अंश. त्यानं तेच शब्द मोठ्यानं परत म्हणायचे, मग चाक फिरवायचं. परत म्हटलं नाही तर हुकूम झालाच नाही. आधी परत म्हणायला उशीर होतो. मग आवाज बारीक होतो. मग..."

त्यांनी ओठ पुसले. "भागूबाई, पाणी आणा," त्यांनी आत स्वयंपाकीणबाईंना हाक दिली.

"पाणी, साब," कुणीतरी म्हणालं.

मास्तरांनी मान वर केली. आवाज पुरुषाचा होता, खोलीतलाच, खालच्या पट्टीतला. कप्तान खिडकीबाहेर बघत होते; त्यांच्या मानेवरची शीर तटतटली होती. आतून भागूबाई पदराला हात पुशीत आल्या आणि पेला मेजावर ठेवून गेल्या.

पेल्यातलं पाणी तिरपं होतं. मेज सपाट, पेला सरळ, आणि पाण्याची रेघ एका बाजूला बोटभर वर. मास्तर बघत राहिले. पाणी हळूहळू सपाट झालं, मग दुसऱ्या बाजूला चढलं.

"चष्म्याचा नंबर बदलायला हवा," ते स्वतःशी म्हणाले. त्यांना नेहमी आपल्याच डोळ्यांची शंका यायची.

*

तो आठवडा ढगाचा ठिपका नसलेला, पांढराफटक होता. तरी भिंतीवरच्या वायुभारमापकाचा काटा रोज खाली येत होता. कप्तान काचेवर टिचकी मारत. काटा आणखी खाली बसे.

घरातलं काही बिनसलं होतं. फकिरा हाक मारल्यावर येईना. एका दुपारी कप्तान त्याच्यावर ओरडले तर तो दारातून म्हणाला, "मी कायला येऊ? तुमी सांगायच्या आधी कुनीतरी 'व्हय साब' म्हनतंय. त्यालाच सांगा की."

आणि सकाळी आडाचं कुलूप उघडं सापडू लागलं. कप्तानांनी कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशी तेही उघडं. भाडेकरू घागरी घेऊन जात, त्यांना कुणी विचारत नसे, आणि ते कप्तानांकडं बघतही नसत. द्वारकाबाईंनी तर मास्तरांना रस्त्यात गाठलं.

"मास्तर, रागावू नका, पन तुमी आल्यापासून हे सुरू झालंय. कप्तान आता बोलत्यात, आन् आमाला ऐकूच येत नाय. तोंड हलताना दिसतं निस्तं."

मास्तरांना घाम फुटला. आणि त्याच वेळी, खाली कुठंतरी, गोड वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण गोड वाटलं ते वाटलंच.

त्या दुपारी सोळा जूनचं पान आलं.

डाव्या बाजूला डेकच्या लॉगची नक्कल होती, दुसऱ्या अधिकाऱ्यानं लिहिलेली. 'दुपारी दोन. पुढच्या टाकीत गोडं पाणी उरलं का पाहायचं. मापाची नळी तुंबलेली. सारंगानं सांगितलं की टाकी वर्षभर बंद, झाकण काढून एक दिवस हवा खेळू द्यावी, आधी दिवा सोडून पाहावा.' पुढची ओळ आडव्या रेघेखाली होती, पण सहज वाचता येत होती: 'कप्तानांच्या हुकमावरून सुखानी इब्राहीम लगेच आत उतरला.' शेजारी आद्याक्षरं, ब. पि. मग पुढं: 'अडीच. बाहेर काढला. श्वास नाही.'

उजव्या पानावर अधिकृत लॉग होता.

'१६ जून. सुखानी इब्राहीम. मनाई असताना, हुकूम मोडून पुढच्या टाकीत उतरला. ही नोंद आरोपीला दुपारी चार वाजता स्पष्ट आणि ऐकू येईल अशी वाचून दाखवली. उत्तर: काही नाही.' खाली कप्तानांची सही आणि मुख्य अधिकाऱ्याची.

मास्तरांनी दोन्ही पानं पुन्हा वाचली. नेहमीप्रमाणे त्यांना वाटलं, आपलंच काही चुकतंय. मग वाटेनासं झालं.

"साहेब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "अडीच वाजता हा माणूस मेलाय. चार वाजता वाचून कुणाला दाखवलं?"

"त्याला."

"मेलेल्याला?"

"फळीवर ठेवला होता. कापडात शिवायचा होता." कप्तानांचा चेहरा शांत होता. "नियमात जिवंत हवा असं लिहिलेलं नाही. मी डोक्याशी उभा राहून वाचलं, स्पष्ट. थांबलो. त्यानं उत्तर दिलं नाही. तसं लिहिलं. त्यात खोटं काय?"

"हुकूम तुमचा होता."

"लोखंडी टाकी बंद राहिली की गंजते आणि गंज आतली हवा खातो, हे मला ठाऊक होतं. पण तिथं एक दिवस थांबलो असतो तर सारंगाच्या सांगण्यावरून थांबलो असतो. पन्नास माणसं बघत होती." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "पुढं वाचा. तुमचं काम वाचायचं आहे."

मास्तरांनी पान उलटलं.

'१७ जून. शव समुद्रात सोडलं. सारंग आला नाही. सुकाणूवर नवा माणूस. स्टारबोर्ड पाच म्हटलं. दोनदा परत ऐकू आलं.'

'१८ जून. पंपाचं कुलूप उघडं. माणसं पाणी नेतात. मला कुणी विचारत नाही.'

'१९ जून. बोट मार्गापासून ढळली. सुखानी म्हणतो, तुम्हीच हुकूम दिलात. मी दिला नव्हता. पण तो परत म्हटलेला सगळ्यांनी ऐकला.'

'२० जून. रात्रीच्या हुकमांवर एक सही जास्त. उर्दूत.'

'२१ जून. मुंबई. बोट बंदरात नेणारा पायलट चढला. त्याचा प्रत्येक हुकूम लगेच परत म्हटला गेला. मी ब्रिजवर उभा होतो. मी काही बोललो नाही.'

पुढची पानं कोरी होती.

मास्तर उभे राहिले. ते खुर्चीमागून कप्तानांच्या डोक्याशी आले, वही उघडी धरली आणि सोळा जूनची दोन्ही पानं वाचू लागले. खोडलेल्या ओळीसकट. एकेक शब्द सुटा, स्पष्ट आणि ऐकू येईल असा. आयुष्यात ते कुणासमोर एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. आत भागूबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"आता तुमचं उत्तर सांगा," ते म्हणाले. "खाली लिहितो. तुमच्याच शब्दांत. सही करा. मी इब्राहीमचा भाऊ."

कप्तानांनी मागं वळून पाहिलं नाही. ते भिंतीवरच्या काट्याकडं बघत होते.

"तरीच," ते म्हणाले. "मी समुद्रापासून एवढ्या लांब आलो. म्हटलं, इथं कोण येतंय."

"उत्तर."

"मी कप्तान होतो. आरोपीनं उत्तर द्यायचं असतं."

मास्तरांनी वाट पाहिली. मग वही मिटली. निखाऱ्यावरची राख आता पुरती उडाली होती.

*

तेवढ्यात अंगणात गलका झाला. आडातून बादली खडखडत वर आली होती, रिकामी. पाणी आटलं की दोर कमी पडला, कुणालाच कळेना. कप्तान बाहेर आले. ऊन डोळ्यांत सुया खुपसत होतं. भाडेकरू बाजूला सरकले. वाट देण्यासाठी नव्हे, अंगाला अंग लागू नये म्हणून.

"झाकण किती दिवस बंद होतं?" मास्तरांनी फकिराला विचारलं.

"परवा त्यांनी दोन कुलपं घातली, लोखंडी पट्टी बी ठोकली. आत्ता समद्यांनी मिळून काढली."

"फकिरा, उतर," कप्तान म्हणाले. "किती पाणी आहे बघ."

आडाच्या आत पाय ठेवायला कड्या होत्या. फकिरा जागचा हलला नाही.

"नाय उतरायचो, मालक. खाली वारा कोंडलाय. वास बघा कसा येतोय. उद्यापत्तूर उघडं ऱ्हाऊ द्या, कंदील सोडून बघू, इझला नाय तर उतरतो."

"मी सांगतोय, उतर."

"आन् मी नाय म्हनतोय. तुमीबी उतरू नका."

चाळीतल्या बायका फकिराच्या तोंडाकडं बघत होत्या. कप्तानांनी ते पाहिलं. त्यांचा हात शर्टाच्या वरच्या गुंडीकडं गेला.

"उतर," ते तिसऱ्यांदा म्हणाले. कुणालाही उद्देशून नव्हतं ते.

"उतरतो, साब."

आवाज आडातून आला. घुमून, खालून, लोखंडाच्या पोटातून यावा तसा. मास्तरांनी तो ओळखला. लहानपणी हौदावर पोहायला जाताना हाच आवाज पुढून हाक द्यायचा, मास्तर मात्र काठावरच बसायचे.

बायका पांगल्या. फकिरा "कंदील आनतो, मानसं आनतो, कुनी उतरू नका" म्हणत चाळीकडं धावला. अंगणात दोघंच उरले.

कप्तान काठावर वाकले. "कोण उतरलं? कुणाच्या हुकमानं? वर ये!"

"वर ये, साब," खालचा आवाज म्हणाला. पण वर कुणी आलं नाही.

"मी हुकूम दिला नव्हता," कप्तान पुटपुटले. मग त्यांनी कडीवर पाय ठेवला.

मास्तर पाहत होते. त्यांनी अडवायला तोंड उघडलं होतं. ते त्यांना नंतर आठवलं. उघडलं होतं एवढंच आठवलं.

पांढरा शर्ट खाली गेला. अंधारात राखाडी झाला.

थोड्या वेळानं दम लागलेला आवाज आला. "मास्तर. इथं कुणी नाही."

मग, "मास्तर. दोर."

बादलीसाठी आणलेला नवा दोर आडाच्या कठड्यावर गुंडाळून ठेवलेला होता, मास्तरांच्या हाताशी.

"दोर, साहेब," मास्तर म्हणाले. स्पष्ट. ऐकू येईल असं.

आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले.

खाली कड्यांवर काहीतरी घासलं. एकदा. मग काही नाही.

*

पोलीस आले तोवर उन्हं कलली होती. फकिरानं सोडलेला कंदील निम्म्या वाटेतच विझला होता. गळ टाकून कप्तानांना वर काढलं आणि द्वारकाबाईंनी त्यांच्यावर आपलं लुगडं टाकलं. आता त्या रडत होत्या. "कसाबी असला तरी मानूस व्हता," म्हणत होत्या.

हवालदारानं कप्तानांच्याच मेजावर बसून पंचनामा लिहिला. फकिरा सांगत होता, "मी मना केलं व्हतं, साहेब. समद्यांच्या म्होरं मना केलं."

हवालदारानं मास्तरांना बोलावलं. "तुम्ही जवळ होता. आत गेल्यावर त्यांनी हाक मारली का? दोर, बादली, काही मागितलं?"

मास्तरांनी वहीकडं पाहिलं. ती मेजाच्या कोपऱ्यावर मिटलेली होती.

"काही नाही," ते म्हणाले.

हवालदारानं लिहिलं आणि घसा खाकरला. "वाचून दाखवतो, नीट ऐका, मग पंचांच्या सह्या. मयत इसम मनाई असताना, स्वतःच्या मर्जीनं आडात उतरला. आत गेल्यावर त्यानं मदत मागितली नाही. पंचांना वाचून दाखवलं, ते बरोबर आहे." त्यानं कागद पुढं सरकवला. "करा."

मास्तरांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं वाक्य दोनदा वाचावंसं वाटलं नाही.

"दुसरा पंच कोण?" त्यांनी विचारलं.

"ते झाले की. आत्ता तुमच्या मागं उभे होते ना, त्यांनी केली. तुमच्यातलेच वाटले." हवालदार कागदावर फुंकर घालत होता. "अंगावर ओले कपडे, सगळा कागद भिजवला बघा. या दिवसांत यांना भिजायला पाणी कुठं मिळतं? आणि सहीच्या वर काय लिहिलंय हो हे? मला उर्दू येत नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. डावीकडं झुकलेलं ते वळण त्यांनीच धाकट्या भावाला शिकवलेलं होतं, पहिल्या अलिफपासून.

"'सुन लिया,'" त्यांनी वाचलं. "ऐकलं, असं लिहिलंय."

"बरं," हवालदार म्हणाला. ओला डाग उकाड्यानं बघता बघता वाळला होता. त्याच्या कडेनं पांढरी रेघ उमटली होती. हवालदारानं ती अंगठ्यानं खरवडली, आणि सवयीनं अंगठा जिभेला लावला.

"मीठ?" तो म्हणाला.